केदारनाथला ५८, दहा मिनिटांत १७४: थंडीत, उंचीवर आणि उन्हात शुगरचं मीटर असं का वागतं

प्रश्न: बाबा ६२ वर्षांचे आहेत, दोन वेळा इन्सुलिन (३०/७०) घेतात. मे महिन्यात पुसदहून केदारनाथला गेलो होतो. वर पहाटे मीटर चालेना, म्हणून शेगडीजवळ गरम केलं तर ५८ दाखवलं. बाबांना काहीच होत नव्हतं. चिक्की खाऊ घातली, तर दहा मिनिटांनी १७४! घाबरून त्या दिवशी इन्सुलिन दिलंच नाही. परतीच्या प्रवासात त्यांना सारखी तहान लागत होती, मीटर मात्र २०० च्या आसपास. घरी आल्यावर उपाशीपोटी मीटरवर १९८ आणि लगेच लॅबमध्ये २४१. मीटर बिघडलं का? सप्टेंबरमध्ये आईला (शुगरच्या गोळ्या चालू, रक्त कमी) बद्रीनाथला न्यायचं आहे. नवीन घेऊ का?

उत्तर:

भाऊ, मीटर बहुधा बिघडलेलं नाही. तुम्ही दिलेल्या आकड्यांपैकी प्रत्येकाचं कारण मात्र वेगळं आहे, त्यामुळे नवीन मीटर घेतलं तरी पुढच्या वेळी हेच होऊ शकतं. मी वर्धा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी वीस वर्षांपासून दवाखाना चालवते. दर वर्षी यात्रेहून आलेली माणसं मीटर आणि वही घेऊन माझ्यासमोर बसतात, आणि तुमच्यासारखेच आकडे दाखवतात. बाबांना मी तपासलेलं नाही, तेव्हा जिथे खात्रीनं सांगता येत नाही तिथे तसं म्हणेन.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. मीटर शरीरातली साखर मोजत नाही. ते पट्टीवर पडलेल्या एका थेंबात होणारी रासायनिक क्रिया मोजतं. पट्टीवर एक एन्झाइम असतं. ते थेंबातल्या ग्लुकोजवर काम करतं, त्यातून अगदी बारीकसा वीजप्रवाह निर्माण होतो, आणि मीटर त्या प्रवाहाचं आकड्यात रूपांतर करतं. थंडीत ही क्रिया मंदावते, उष्णतेत जोरात होते. म्हणून मीटरमध्ये तापमान ओळखणारा एक छोटासा भाग बसवलेला असतो. थंडी आहे असं त्याला वाटलं की मीटर आकडा थोडा वर ओढतं, गरम आहे असं वाटलं की खाली आणतं. हा हिशेब एका गृहीतावर चालतो. मीटर जेवढं थंड किंवा गरम, पट्टी आणि थेंबही तेवढेच.

आता तुमच्या ५८ कडे येऊ. केदारनाथ साधारण ३,५८० मीटर उंचीवर आहे, आणि मे महिन्यातही पहाटे तिथे पारा शून्याच्या आसपास उतरतो. बहुतेक घरगुती मीटर १० ते ४० अंश सेल्सिअसच्या दरम्यान चालण्यासाठी बनवलेली असतात. त्याखाली गेलं की चांगलं मीटर आकडा देतच नाही, थर्मामीटरचं चिन्ह किंवा एरर दाखवतं. तुमचं मीटर चालत नव्हतं म्हणजे ते तुम्हाला बरोबर सांगत होतं, की या थंडीत माझ्यावर भरवसा ठेवू नका. तुम्ही ते शेगडीजवळ धरलं. मीटर तापलं, पण पट्ट्यांची डबी बहुधा पिशवीत गारच होती. गार पट्टी, गार बोट, त्यामुळे प्रवाह कमी. वर मीटरला वाटलं की इथे चांगलं गरम आहे, म्हणून त्यानं आकडा आणखी खाली आणला. दोन्ही चुका एकाच दिशेनं गेल्या.

त्यात बोटाचीही भर पडली असणार. कडाक्याच्या थंडीत बोटांच्या टोकांचं रक्त आत ओढलं जातं, रक्तवाहिन्या आकसतात. तिथे जे थोडं रक्त उरतं ते संथ वाहतं, आणि आजूबाजूच्या पेशी त्यातली साखर वापरत राहतात. म्हणजे थिजलेल्या बोटातल्या थेंबाची शुगर हृदयाकडून येणाऱ्या रक्तापेक्षा खरोखरच कमी असू शकते. थेंब येत नाही म्हणून आपण बोट चेपतो, आणि मग रक्ताबरोबर पेशींमधलं पाणीही बाहेर येतं. माझ्याकडे येणाऱ्या एका काकू सांगत होत्या, “बाई, बोट पिळून पिळून पांढरं पडलं, तवा कुठं टिपूस निंगालं.” असं पिळून काढलेलं रक्त पातळ झालेलं असतं, त्यावरच्या आकड्याला फार अर्थ राहत नाही.

म्हणजे ५८ खोटंच होतं का? बहुधा हो, पण शंभर टक्के खात्रीनं मी म्हणणार नाही. आदल्या दिवशी बाबा गौरीकुंडाहून चढून आले असतील तर पंधरा-सोळा किलोमीटरची चढण झाली. एवढ्या श्रमानंतर स्नायू रात्रभर, कधी कधी पुढचा पूर्ण दिवस रक्तातली साखर ओढत राहतात. वर उंचीवर भूकही मरते. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची शुगर अशा पहाटे खरोखर ५८ असू शकते. “काही होत नव्हतं” हाही भक्कम पुरावा नाही. बऱ्याच वर्षांच्या शुगरमध्ये घाम, धडधड ही लक्षणं बोथट होतात. शिवाय थरथरणं, डोकं दुखणं, गोंधळल्यासारखं वाटणं हे शुगर उतरल्यावरही होतं, थंडीनंही होतं आणि उंची लागल्यावरही होतं. तिथे लक्षणांवरून वेगळं करणं डॉक्टरलाही अवघड जातं.

म्हणून तुम्ही चिक्की दिलीत ते बरोबरच केलंत. इन्सुलिनवर असलेल्या किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्या माणसाचा आकडा ७० च्या खाली आला, तर तो खरा की खोटा हे ठरवत बसायचं नाही. आधी गोड द्यायचं, शंका नंतर. खोट्या ५८ वर गोड दिलं तर शुगर थोडी चढेल, एवढंच. खरं ५८ खोटं समजून सोडून दिलं तर माणूस रस्त्यावर बेशुद्ध पडू शकतो. फक्त चिक्कीपेक्षा तीन चमचे साखर पाण्यात ढवळून देणं चांगलं. चिक्कीत शेंगदाण्याचं तेल असतं, त्यामुळे तिच्यातला गूळ रक्तात पोचायला वेळ लागतो.

आणि यातच १७४ चं उत्तर आहे. चिक्की खाल्ल्यावर दहा मिनिटांत शुगर ११६ नं वाढत नाही. तीन चमचे साखरपाणी दिलं तरी पंधरा-वीस मिनिटांत साधारण चाळीस-पन्नासची वाढ दिसते. मग १७४ आलं कुठून? मला विचाराल तर बोटावरून. बाबांनी चिक्की हातात धरून खाल्ली असेल. पाणी बर्फासारखं गार, म्हणून हात धुतले नसतील, रुमालाला किंवा शालीला पुसले असतील. गुळाचा चिकट थर बोटावर तसाच राहिला आणि थेंबात मिसळला. थेंब मोहरीएवढा असतो, त्यात गुळाचा डोळ्याला न दिसणारा कण गेला तरी आकडा कुठल्या कुठे जातो. प्रसादाचे लाडू, खडीसाखर, मनुका, द्राक्षं, ग्लुकोजची बिस्किटं यांपैकी काहीही हाताळलेलं असलं तरी हेच होतं. स्पिरिटच्या कापसानं पुसलं तरी गोड पूर्ण निघत नाही, पाण्यानंच निघतं. यात्रेतल्या वह्यांमध्ये मला जे अवास्तव वाढलेले आकडे दिसतात त्यामागे उंचीपेक्षा प्रसाद जास्त वेळा निघतो.

दुसरी चाचणी मीटर-पट्टी थोडी एकसारख्या तापमानाला आल्यावर झाली असेल, म्हणजे ५८ ची तूटही तोवर भरून निघाली असेल. खरा आकडा बहुधा या दोन्हींच्या मधे कुठेतरी होता. शंभर असेल, एकशे तीस असेल. ते आता कळणार नाही. त्या वेळी कळून घ्यायचा मार्ग सांगते. मीटर आणि पट्ट्यांची डबी एकाच छोट्या पिशवीत घालून स्वेटरच्या आत, सदऱ्याच्या खिशात अंगालगत ठेवायची, रात्री पांघरुणात. चाचणी खोलीत, अंगावर रजई असताना करायची. मीटर गार पडलं असेल तर ते आणि डबी दोन्ही वीस मिनिटं पांघरुणात घ्यायची, पण शेगडी, हीटर, चहाचा गरम पेला यांच्याजवळ न्यायची नाहीत. थोडं पाणी कोमट करून हात धुवायचे आणि पूर्ण कोरडे करायचे, कारण ओलसर बोटावर थेंब पातळ होतो. मग हात खाली सोडून अर्धा मिनिट झटकायचा आणि बोटाच्या कडेला टोचायचं. तळव्याकडून बोटाकडे हळू चोळलं तर चालतं, टोक पिळायचं नाही. हात धुणं अगदीच शक्य नसेल तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्यायचा, पण तो आकडा वहीत लिहिताना बाजूला “हात न धुता” असं लिहून ठेवायचं.

आता उंचीबद्दल. लोकांना वाटतं की डोंगरावर गेलं की मीटर चुकतंच. तसं सरसकट नाही. घरगुती पट्ट्यांमध्ये मुख्यतः दोन प्रकारची एन्झाइम वापरतात, ग्लुकोज ऑक्सिडेज आणि ग्लुकोज डिहायड्रोजिनेज. पहिल्या प्रकाराला ऑक्सिजनशी देणंघेणं आहे. ग्लुकोजपासून सुटणारे इलेक्ट्रॉन पट्टीवरच्या रसायनाकडे जायला हवेत, म्हणजे मीटरला ते मोजता येतील, पण त्यातले काही थेंबातला ऑक्सिजन पळवतो. मैदानात हे गृहीत धरूनच मीटर जुळवलेलं असतं. ३,५०० मीटरवर हवेतला ऑक्सिजन आपल्याकडच्या सुमारे दोन तृतीयांशावर येतो, रक्तातलाही घटतो. पळवणारा कमी झाला की जास्त इलेक्ट्रॉन मोजले जातात आणि आकडा खऱ्यापेक्षा वर जातो. दुसऱ्या प्रकारच्या एन्झाइमला ऑक्सिजनचा असा त्रास होत नाही.

तुमच्या मीटरच्या पट्ट्या कोणत्या ते पट्ट्यांच्या खोक्यातल्या घडीच्या कागदावर बारीक अक्षरात छापलेलं असतं. त्याच कागदावर किती उंचीपर्यंत मीटर तपासलेलं आहे तेही असतं. अनेकांवर ही मर्यादा सुमारे ३,००० मीटर दिलेली असते. केदारनाथ त्याच्या बरंच वर आहे, बद्रीनाथ ३,१०० च्या आसपास म्हणजे अगदी सीमेवर. आपलं चिखलदरा ११०० मीटरच्या आसपास, तिथे याची काळजीच नको. प्रत्यक्षात डोंगरावर थंडी आणि उंची एकत्र येतात. थंडी आकडा खाली ओढते, उंची काही मीटरमध्ये वर नेते, म्हणून निव्वळ उंचीमुळे किती फरक पडला हे तिथे बसून सांगता येत नाही. माझ्या मते यात्रेकरूनं थंडी आणि बोटाची स्वच्छता सांभाळली तर उंचीचा उरलेला फरक उपचार बदलावा इतका सहसा नसतो.

खरी चूक त्यानंतर झाली, आणि ती मीटरची नव्हती. एका संशयास्पद ५८ वर, पुढे १७४ आलेलं असताना, दिवसभराचं इन्सुलिन बंद ठेवलंत. ३०/७० मध्ये सत्तर टक्के भाग हळूहळू दिवसभर काम करणारा असतो, तो शरीराला जेवलं नाही तरी थोडा लागतोच. गोड देऊन वीस मिनिटांनी धुतलेल्या बोटावर पुन्हा पाहायचं, तो आकडा ठीक असेल आणि माणूस खाणार असेल तर डॉक्टरांना फोन करून कमी केलेला डोस द्यायचा, असं करायला हवं होतं. चढाई-उतराईच्या दिवशी डोस किती कमी करायचा हे निघायच्या आधीच लिहून घ्यावं, कारण वर नेटवर्क असेलच असं नाही. उंची लागून उलट्या होत असतील तर इन्सुलिन पूर्ण बंद करणं जास्तच धोक्याचं, त्यातून रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्लं, वाढून माणूस अत्यवस्थ होऊ शकतो.

इन्सुलिन न दिल्यामुळे उतरताना बाबांची शुगर चढत गेली. वाढलेली शुगर लघवीवाटे बाहेर पडताना पाणी ओढून नेते. त्यात घाम, डोंगरावरची कोरडी हवा, आणि वाटेत लघवीला कुठे जायचं म्हणून कमी प्यालेलं पाणी. मग दीड-दोन दिवसांची गाडी, नागपूरला उतरल्यावर पंचेचाळीसचं ऊन. तहान लागत होती म्हणता, ती यामुळेच. मीटर मात्र दोनशेच्या आसपास घुटमळत होतं, आणि १९८ ला लॅबनं २४१ म्हटलं. हा तिसरा प्रकार. मला वाटतं तुमच्या पूर्ण प्रश्नात सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे, कारण इथे मीटरची चूक खोटा धीर देते.

रक्तात लाल पेशी आणि पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, असे दोन वाटे असतात. शंभर भाग रक्तात पेशींचा वाटा किती, त्याला हिमॅटोक्रिट म्हणतात. पुरुषांत साधारण चाळीस ते पन्नास असतो. पट्टीवरच्या एन्झाइमपर्यंत ग्लुकोज प्लाझ्मातून पोचतं. शरीरातलं पाणी आटलं की प्लाझ्मा कमी होतो, पेशींची दाटी होते, रक्त घट्ट होतं, आणि ग्लुकोज एन्झाइमपर्यंत नीट पोचत नाही. आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. उंचीवर गेल्यावर पहिल्या काही दिवसांत प्लाझ्मा तसाही घटतो, त्यामुळे डोंगरावरून आलेल्या माणसात हे आणखी लवकर होतं. काही नवीन मीटर हिमॅटोक्रिटचा अंदाज घेऊन सुधारणा करतात, पण साध्या मीटरमध्ये पाणी आटल्यावर दहा-पंधरा टक्के कमी दाखवणं मला नवं नाही.

एक उदाहरण सांगते. पाच-सहा वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या लग्नसराईत पन्नाशीचे एक शेतकरी संध्याकाळी माझ्याकडे आणले गेले. सकाळपासून मांडवात, उन्हात, जेवणात जिलेबी, पाणी कमी. सुस्तावले होते, जीभ लाकडासारखी कोरडी. बायको घाबरून सांगत होती, “मशीन तं तीनशे दहाच सांगून राह्यली बाई, मंग हे असे काहून करून राह्यले?” तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. तीनशे दहाला माणूस एवढा सुस्तावत नाही. लॅबचा रिपोर्ट आला, शुगर ४०४. हिमोग्लोबिन १७.६. शेतात राबणाऱ्या या माणसाचं हिमोग्लोबिन एरवी १५ च्या खाली असे, माझ्याकडे जुने कागद होते. सलाइन चालू केलं, तालुक्याहून पुढे पाठवलं. दोन दिवसांनी तिथला रिपोर्ट पाहिला तर हिमोग्लोबिन १४.८. रक्त वाढलं नव्हतं आणि घटलंही नव्हतं, फक्त पाणी आटलं होतं आणि परत भरलं होतं. मीटरनं चुकवलेले ते ९४ त्या घट्ट रक्तातच होते.

तुमच्या १९८ आणि २४१ मधला फरक मात्र एवढा नाही. घरगुती मीटरसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे त्यात शंभरच्या वरचे ९५ टक्के आकडे लॅबच्या पंधरा टक्क्यांच्या आत यायला हवेत. २४१ चे पंधरा टक्के म्हणजे ३६, तेव्हा २०५ पर्यंत चाललं असतं. तुमचं १९८ त्याच्या किंचित बाहेर आहे. थोडं घट्ट रक्त, आणि थोडा पट्ट्यांचा हात. तुमची पिशवी ऋषिकेशहून वर जाताना गाडीच्या टपावर होती का? पट्ट्या ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात, टपावर किंवा बंद गाडीत त्या तासाभरात पन्नाशी पाहतात. तापलेल्या किंवा दमट हवा लागलेल्या पट्ट्या काहीही दाखवतात, कधी कमी, कधी जास्त. खरं तर ४० च्या वर मीटर चालवू नये हा नियम पाळायचा तर आपल्या मे महिन्यातल्या दुपारी अंगणात बसून शुगर पाहूच नये. माठाजवळच्या सावलीत, कूलरच्या खोलीत बसून पाहावी. पट्ट्या फ्रिजमध्येही ठेवू नयेत, बाहेर काढल्यावर त्यांवर दव धरतं.

पाणी आटलंय हे ओळखायला लोक लघवी पाहतात. शुगरच्या माणसात ही खूण फसवते. वाढलेल्या शुगरमुळे लघवी भरपूर आणि पांढुरकी होतच राहते, आणि आपल्याला वाटतं पाणी पुरतंय. त्याऐवजी जीभ पाहा, उभं राहिल्यावर अंधारी येते का विचारा, आणि आकडा व माणूस जुळतात का ते बघा. मीटर २०० सांगतंय पण माणूस सुस्त आहे, सारखी तहान, सारखी लघवी, पोटात मळमळ, तर मीटरवर विसंबू नका, लॅबमध्ये न्या. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी लघवीवाटे साखर काढणारी गोळी चालू असेल तर आणखी एक धोका असतो. त्यात मीटर दोनशेच्या आत असतानाही कीटोन चढू शकतात. उलट्या होत असतील, खाणं थांबलं असेल, तर ही गोळी चालू ठेवायची की नाही हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढची घेऊ नये. पाण्याचं म्हणाल तर साधं पाणी आणि पुडीवर लिहिल्याप्रमाणे एका लिटरमध्ये कालवलेलं ओआरएस चालतं, त्यात लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं. ग्लुकोज पावडरचं सरबत वेगळं, ते देऊ नका. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर पाणी किती प्यायचं हे आधी विचारून ठेवा.

आता आईचं. त्यांच्याबाबतीत गणित उलटं आहे. रक्त कमी म्हणजे पेशी कमी, प्लाझ्मा जास्त, हिमॅटोक्रिट खाली. त्यामुळे साधं मीटर खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं. हिमोग्लोबिनला तीननं गुणलं की हिमॅटोक्रिटचा ढोबळ अंदाज येतो. त्यांचं हिमोग्लोबिन ८ असेल तर २४. तुमच्या पट्टीच्या कागदावर हिमॅटोक्रिटची मर्यादा ३० ते ५५ लिहिलेली असेल तर आईसाठी ते मीटर मुळातच योग्य नाही, २० ते ६० किंवा त्याहून मोठी मर्यादा असलेलं घ्या. नवीन मीटर घ्यायचंच असेल तर ते या कारणासाठी. गोळ्यांमध्ये ग्लिमेपिराइड असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण मीटर ८५ म्हणेल आणि खरी शुगर ७० असेल. वर उंचीची चूकही काही पट्ट्यांमध्ये याच दिशेनं जाते. म्हणून आईला हात-पाय गळाल्यासारखं, घाबरल्यासारखं वाटलं तर मीटरवर ९० असलं तरी साखरपाणी द्या.

आणि रक्त का कमी आहे ते पाहिलंय का? आपल्या विदर्भात, विशेषतः गडचिरोली-चंद्रपूरकडच्या आणि काही समाजांतल्या कुटुंबांत सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. तो किंवा जुना रक्तक्षय असेल तर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणीही चुकीचा आकडा देऊ शकते. शिवाय ३,००० मीटरवर जायच्या आधी सिकलसेल आहे की नाही हे कळलंच पाहिजे, उंचीवर त्याचा झटका येऊ शकतो. सप्टेंबरला अजून वेळ आहे. हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी आताच करून घ्या, लोहाची कमतरता असेल तर दोन-तीन महिन्यांत बरीच भरून येते.

निघायच्या आठवडाभर आधी एक सकाळ काढा. आईला आणि बाबांना उपाशीपोटी लॅबमध्ये न्या. शिरेतून रक्त काढल्यावर पाच मिनिटांच्या आत, धुतलेल्या बोटावर, प्रवासात नेणार त्याच डबीतल्या पट्टीनं मीटरवर पाहा. उपाशीपोटीच, कारण जेवणानंतर बोटातलं आणि शिरेतलं रक्त मुळातच वेगळं असतं. रक्त करड्या टोपणाच्या नळीत घ्यायला सांगा आणि ते तिथेच लवकर तपासतात का विचारा. गावात रक्त घेऊन दुपारी तालुक्याला पाठवत असतील तर साध्या नळीत पेशी तासाला पाच-सात टक्के ग्लुकोज खातात, उन्हाळ्यात जास्तच, आणि मग मीटरपेक्षा लॅब चुकते. दोन्ही आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मीटर लॅबपेक्षा आधीच दहा टक्के खाली दाखवत असेल तर वर गेल्यावर ते कळायला दुसरा मार्ग नसतो.

मीटरच्या कंपनीचं कंट्रोल सोल्युशन मिळालं तर तेही मागवा. ते ठरावीक प्रमाणात ग्लुकोज असलेलं पाणी असतं. त्याचा थेंब पट्टीला लावला की आकडा डबीवर छापलेल्या मर्यादेत यायला हवा. तालुक्याच्या मेडिकलवर सहसा नसतं, मागवावं लागतं, आणि बाटली उघडल्यावर तीनेक महिनेच चालतं. तुमच्या जुन्या पट्ट्यांच्या डबीत काही उरल्या असतील तर फेकण्याआधी त्यांवर हा थेंब टाकून पाहा. मर्यादेत आला तर १९८ चा दोष बाबांच्या घट्ट झालेल्या रक्तावर जातो, बाहेर गेला तर गाडीच्या टपावर. दोन्ही बाबतीत मीटर ठेवा, पट्ट्या नवीन घ्या. आणि बाबांची शुगर अजूनही दोनशेच्या वर असेल तर या सगळ्याच्या आधी इन्सुलिनचा डोस पाहून घ्या, या आठवड्यातच. इन्सुलिनची बाटली वर पहाटे बाहेर राहून गोठली होती का तेही आठवा. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला चांगलं वाटतं, पण ते वापरायचं नसतं, आणि बाबा अजून त्याच बाटलीतून घेत असतील तर वाढलेल्या शुगरचं तेही एक कारण असू शकतं.